भाजत नाही, पण डागाळते

साताऱ्यात आमचं मेडिकलचं दुकान आहे आणि काउंटरवर बहुतेक वेळ मीच असते. उन्हाळा लागला की एक वाक्य हमखास कानावर येतं. त्वचेच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर सनस्क्रीन लिहिलेलं असतं, बाकीची औषधं घेऊन होतात आणि त्या ट्यूबपाशी गाडी अडते. "ते राहू द्या ताई. आमची कातडी मुळातच काळी, आम्हाला काय होतंय उन्हानं?" बोलणारा कधी शेतकरी असतो, कधी कॉलेजातली मुलगी, कधी बँकेतले साहेब. पैसे वाचवायचे असतात असं नाही. आपल्या रंगातच सगळं संरक्षण आहे, असं त्यांना मनापासून वाटत असतं. आणि त्यात निम्मं खरं असतं, म्हणून तर ती समजूत हटता हटत नाही.

आधी ते निम्मं खरं सांगते. कातडीच्या वरच्या थराच्या अगदी तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात त्यांची संख्या साधारण सारखीच असते. फरक त्या किती आणि कसं मेलानिन बनवतात यात असतो. काळ्या-सावळ्या कातडीत मेलानिनचे कण मोठे असतात, सुटे सुटे पसरलेले असतात आणि वरच्या थरापर्यंत टिकून राहतात. शेजारच्या पेशींमध्ये गेल्यावर हे कण पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखे गोळा होतात, म्हणजे आतला डीएनए उन्हापासून झाकला जातो. ही सोय फार जुनी आणि फार कामाची आहे.

पण ही छत्री किती मोठी, हे मोजलेलं आहे. १९७९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी कृष्णवर्णीय आणि गोऱ्या माणसांच्या कातडीचा वरचा थर घेऊन त्यातून किती अतिनील किरण आरपार जातात ते पाहिलं. काळ्या कातडीच्या वरच्या थराचं संरक्षण सरासरी एसपीएफ १३च्या आसपास निघालं, गोऱ्या कातडीचं ३च्या आसपास. चौपट फरक आहे, तो कमी नाही. पण १३ म्हणजे पूर्ण नव्हे, आणि तो आकडाही खूप काळ्या कातडीचा आहे. आपल्याकडचे गव्हाळ, सावळे, निमगोरे बहुतेक लोक या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी येतात. शिवाय ही मोजणी मुख्यतः कातडी लाल करून भाजणाऱ्या किरणांची, म्हणजे यूव्हीबीची. जास्त खोल जाणारे यूव्हीए किरण याच प्रयोगात दोन्ही प्रकारच्या कातडीतून यूव्हीबीपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात आत उतरले होते.

उन्हाचं नुकसान म्हणजे भाजणं, ही समजूत मुळात गोऱ्या कातडीवरून आलेली आहे. गोरा माणूस तासभर समुद्रकिनारी पडला की संध्याकाळी लालबुंद होतो, दुसऱ्या दिवशी सालं निघतात, आणि त्याला कळतं की आज जास्त झालं. आपल्याला ही सूचनाच मिळत नाही. आपण दुपारभर उन्हात फिरतो, घरी येऊन तोंड धुतो, थोडं रापल्यासारखं दिसतं आणि विषय संपतो. नुकसान मात्र चालूच राहतं आणि ते वेगळ्या रूपात बाहेर येतं. आपल्या रंगपेशी चपळ आहेत. ऊन, उष्णता, मुरुमाची सूज, डास चावल्याची खाज, बाळंतपणातले हार्मोन, कशानेही त्या भडकतात आणि एकेका जागी गरजेपेक्षा जास्त रंग ओततात. मग मुरूम जाऊन महिने उलटले तरी त्याचा काळा डाग राहतो. कपाळावर, वरच्या ओठावर, गालांच्या उंचवट्यावर तपकिरी वांग उमटतो. म्हणजे जे मेलानिन आपल्याला भाजण्यापासून वाचवतं, त्याच मेलानिनचा कारखाना उन्हाने बिघडतो. काळ्या-सावळ्या माणसाला सनस्क्रीन लागतं ते मुख्यतः यासाठी. ही बाजू ट्यूबच्या जाहिरातीत येत नाही, कारण जाहिरातीत गोरं होण्याचं आमिष दाखवायचं असतं. सनस्क्रीन कुणाला गोरं करत नाही आणि करूही नये. आपला स्वतःचा रंग एकसारखा राहावा, एवढंच त्याचं काम.

आता त्यातली जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि जी काउंटरवर दोन मिनिटांत सांगून होत नाही, ती इथे सविस्तर लिहिते.

एक शिक्षिका आमच्याकडे नेहमी येतात. जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत, रोज स्कूटीवरून वीसेक किलोमीटर जाऊन-येऊन. सकाळी मैदानात परिपाठ, दुपारी मुलांचे खेळ. रंग छान सावळा. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग आला. एका मैत्रिणीने तिच्याकडची क्रीम दिली, "आठ दिवसांत फरक पडतो" म्हणून. फरक पडलाही. पण त्या ट्यूबमध्ये तीन औषधं होती: रंग कमी करणारं हायड्रोक्विनोन, सालपट काढणारं ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. हे मिश्रण वांगावर डॉक्टर देतात, पण मोजक्या आठवड्यांसाठी आणि नजरेखाली. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं औषध नाही. बाईंनी ते कित्येक महिने लावलं. गालांची कातडी पातळ झाली, बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, क्रीम बंद केली की चेहरा जळजळायचा. आणि उन्हाळा आला तसा वांग पहिल्यापेक्षा गडद होऊन परत आला.

मग त्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्या. आधीची क्रीम हळूहळू बंद झाली, सौम्य औषधं सुरू झाली आणि एसपीएफ ५०चं सनस्क्रीन आलं. बाईंनी ते नेमाने लावलं. तीन महिन्यांनी आल्या त्या चिडलेल्याच. "रोज लावते हो, एक दिवस चुकवत नाही. मग जात कसा नाही?"

प्रश्न रास्त होता. त्याची उत्तरं दोन होती आणि दोन्ही त्या ट्यूबपाशीच होती.

पहिलं उत्तर उजेडाचं. एसपीएफचा आकडा अतिनील किरणांपुरता असतो. पण उन्हात डोळ्यांना दिसणारा उजेडही असतो, आणि त्याने काही होत असेल असं बराच काळ फारसं कुणाच्या मनात आलं नव्हतं. २०१० साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या डॉक्टरांनी स्वयंसेवकांच्या पाठीच्या कातडीवर नुसता दिसणारा उजेड टाकून पाहिला. गोऱ्या माणसांवर काही उमटलं नाही. गव्हाळ ते काळ्या कातडीच्या माणसांवर मात्र काळपटपणा आला, आणि तो यूव्हीएने येणाऱ्या काळपटपणापेक्षा गडद आणि जास्त दिवस टिकणारा होता. याचं कारण पुढे २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांना सापडलं. उजेड ओळखण्यासाठी डोळ्यात जी प्रथिनं असतात, त्याच घराण्यातलं ऑप्सिन-३ नावाचं एक प्रथिन रंगपेशींमध्येही असतं. उजेडातला निळा भाग त्याला जागा करतो आणि पेशी रंग बनवायला लागते. सावळ्या कातडीच्या पेशींमध्ये हे काम उजेड गेल्यावरही बराच वेळ चालू राहतं.

म्हणजे मेलानिन पूर्ण संरक्षण देतं या समजुतीच्या बरोब्बर उलट चित्र इथे दिसतं. ज्या उजेडाने गोऱ्या माणसाच्या रंगाला ढिम्म होत नाही, त्यानेच आपल्याला डाग पडतात. आणि नेहमीचं पारदर्शक सनस्क्रीन, मग त्यावर एसपीएफ ५० लिहिलेलं असो की १००, हा उजेड जवळजवळ सगळा आत सोडतं. क्रीम लावल्यावर खालची कातडी जशीच्या तशी दिसते, याचाच अर्थ दिसणारा उजेड तिच्यापर्यंत पोचतोय.

तो अडवणारी गोष्ट आपल्या ओळखीची आहे: आयर्न ऑक्साइड. तुळशीवृंदावनाला, कुंड्यांना आपण जो गेरू लावतो, त्याचा लाल रंग लोहाच्या याच संयुगाचा. सनस्क्रीनमध्ये ते शुद्ध करून, लाल, पिवळं आणि काळं अशा तीन छटा मिसळून घालतात, त्याला टिंटेड सनस्क्रीन म्हणतात. (बाजारातला गेरू चेहऱ्याला फासू नका. त्यात काय काय मिसळलेलं असतं सांगता येत नाही.) २०१४ साली मेक्सिकोत वांगाच्या रुग्णांवर एक अभ्यास झाला. सगळ्यांना हायड्रोक्विनोनची क्रीम दिली, फक्त सनस्क्रीन दोन प्रकारचं. एका गटाला अतिनील किरण अडवणारं, दुसऱ्या गटाला तसंच पण आयर्न ऑक्साइड घातलेलं. आठ आठवड्यांनी दोन्ही गट सुधारले होते, आयर्न ऑक्साइडवाला गट जास्त.

बाईंच्या डॉक्टरांनी पुढच्या वेळी टिंटेडच लिहून दिलं. घेताना मी ट्यूब उलटी करून घटकांची यादी दाखवली. आयर्न ऑक्साइड असं सरळ लिहिलेलं असतं, नाहीतर सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ असे आकडे असतात, म्हणजे लाल, पिवळा, काळा. नुसतं पुढच्या बाजूला टिंटेड छापलेलं पुरत नाही. पुष्कळशा टिंटेड क्रीम गोऱ्या चेहऱ्यासाठी बनवलेल्या असतात, आपल्या गालावर त्या गुलाबी-राखाडी दिसतात आणि त्यांत रंग जेमतेम असतो. मनगटाच्या आतल्या बाजूला न लावता जबड्यापाशी लावून, दाराबाहेर उजेडात जाऊन बघायचं. छटा आपल्या कातडीत मिसळली पाहिजे आणि खालचा डाग थोडा तरी झाकला गेला पाहिजे. डाग झाकला जातोय म्हणजे उजेड अडतोय. बाजूला एसपीएफ किमान ३० आणि यूव्हीएसाठी पीएच्या पुढे किमान तीन अधिक चिन्हं असावीत.

दुसरं उत्तर मात्रेचं. बाई सनस्क्रीन रोज लावत होत्या, पण किती? तुरीच्या दाण्याएवढं. जास्त लावलं की चेहरा पांढरट दिसतो आणि शाळेतली मुलं बघून हसतात, असं म्हणाल्या. पांढरट दिसणं हे झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडचं काम, आणि सावळ्या कातडीवर ते राखेसारखं उठून दिसतं. त्यामुळे आपल्याकडची माणसं आपोआप कमी लावतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, बनवणाऱ्यांनी आपला चेहरा समोर ठेवून क्रीम बनवलेलीच नसते. पण प्रयोगशाळेत एसपीएफ मोजतात तेव्हा प्रत्येक चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम एवढा जाड थर देतात. आपण त्याच्या पाव थर दिला तर ट्यूबवर छापलेलं संरक्षण मिळत नाही, त्याच्या जवळपासही जात नाही.

चेहरा, कान आणि मान मिळून एका वेळेला एक ग्रॅमच्या थोडं वर क्रीम लागते. वजनकाटा कुणी घेऊन बसत नाही, म्हणून तर्जनी आणि मधलं बोट घ्यायचं, दोन्हीवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ ओढायची, आणि तेवढं सगळं चेहरा-मानेला संपवायचं. एकदम जमत नसेल तर आधी एका बोटाचं लावायचं, दोन मिनिटांनी दुसऱ्याचं. गालाचा उंचवटा, कपाळ, नाकाचा दांडा आणि वरचा ओठ इथे हात हमखास घाईत फिरतो, आणि वांग नेमका तिथेच असतो.

यातून ओळखण्याची एक सोपी खूण निघते. पन्नास ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा नीट लावली तर सव्वा महिन्यात संपायला हवी. दोनदा लावली तर तीन आठवड्यांत. बाईंची ती पहिली ट्यूब तीन महिन्यांनंतर अजून निम्मी शिल्लक होती. ट्यूबच्या शिलकीकडे बघितलं तरी मला बहुतेक वेळा पुढचं कळतं. संरक्षण कमी पडतंय म्हणून लोक ३०चं सोडून ५०चं मागतात, ५०चं सोडून महागडं परदेशी मागतात, आणि लावतात तेवढंच. त्यापेक्षा साधं ३०चं दोन बोटं लावलेलं कितीतरी बरं.

मग स्कार्फचा विषय निघाला, तो निघणारच. पुण्या-साताऱ्याकडच्या मुली दुचाकीवर चेहरा बांधतात आणि मला ती सवय फार आवडते. फक्त कापड बघायला हवं. स्कार्फची एक घडी ट्यूबलाइटसमोर धरायची. पलीकडची नळी दिसली तर उजेड तुमच्या गालावरही तसाच पडतोय. पातळ पांढरी ओढणी घामाने भिजली की आणखीच पारदर्शक होते. गडद रंगाचं, घट्ट विणीचं सुती कापड दुहेरी घडी करून घेतलं की काम होतं. बाईंचा युक्तिवाद होता की हेल्मेटला काच आहे. ती पॉलिकार्बोनेटची असते, अतिनील किरण बऱ्यापैकी अडवते, पण रस्ता दिसावा म्हणून पारदर्शकच असते. दिसणारा उजेड तिला अडवता येणार नाही. शाळेच्या खिडकीच्या साध्या काचेचंही तसंच: यूव्हीबी थांबतो, यूव्हीए आणि उजेड आत येतात. म्हणून खिडकीशेजारच्या टेबलावर बसून वह्या तपासायच्या असतील तर मधल्या सुट्टीत पुन्हा एकदा क्रीम लावायची.

हे सगळं फक्त उन्हाळ्यापुरतं ठेवूनही चालत नाही. आपण अठरा अंश अक्षांशाच्या आसपास राहतो. एप्रिल-मेमध्ये भरदुपारी अतिनील निर्देशांक अकराच्या वर जातो हे ठीक, पण डिसेंबरातल्या निरभ्र दुपारीसुद्धा तो सहा-सातच्या आसपास असतो, आणि तीनच्या पुढे गेला की काळजी घ्या असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हवा गार आहे म्हणून ऊन सौम्य वाटतं, इतकंच.

कॅन्सरबद्दल लोक विचारतात, आणि तिथे मी जपून बोलते. उन्हामुळे होणारे त्वचेचे कॅन्सर काळ्या-सावळ्या लोकांत खूपच कमी आढळतात. त्या बाबतीत मेलानिन खरोखर मोठं काम करतं. गायक बॉब मार्ले १९८१ साली मेलानोमाने, म्हणजे रंगपेशींच्या कॅन्सरने गेला, त्याचं उदाहरण देऊन सनस्क्रीन विकलं जातं, ते मला पटत नाही. त्याचा कॅन्सर पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झाला होता. काळ्या कातडीच्या लोकांत मेलानोमा होतो तो बहुतेक वेळा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली, आणि त्याचा उन्हाशी संबंध दिसत नाही. तिथे क्रीमचा उपयोग नाही, नजरेचा आहे. नखाखाली एखादी काळी रेघ रुंद होत चालली, तिचा रंग नखाच्या मुळाच्या कातडीवर उतरला, किंवा तळपायावरचा काळा डाग वाढायला लागला, तर ठेच लागली असेल म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना दाखवावं.

मेलानिनच्या या संरक्षणाला दोन मोठे अपवाद आहेत. जन्मतः रंगद्रव्य नसलेली, म्हणजे अल्बिनिझम असलेली माणसं, आणि कोड असलेली माणसं. घरातले सगळे सावळे असले तरी अल्बिनिझम असलेल्या मुलाच्या कातडीला मेलानिनची ढाल जवळजवळ नसतेच. त्याला टोपी, पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीन लहानपणापासून लागतं, आणि ते कॅन्सर टाळण्यासाठीच लागतं. कोडाच्या पांढऱ्या डागांतही मेलानिन नसतं. तिथली कातडी खरोखर भाजते, अगदी गोऱ्या माणसासारखी.

ड जीवनसत्त्वाची शंका जवळजवळ प्रत्येक आजी काढतात. त्यासाठी चेहराच उन्हात धरायला हवा असं नाही. चेहऱ्याला क्रीम लावून हात-पाय थोडा वेळ उन्हात ठेवता येतात, आणि कमतरता रक्ततपासणीत दिसलीच तर गोळ्या आहेत. आणि हो, मोबाइलच्या निळ्या उजेडाने वांग येतो म्हणून रात्री घरातही खास क्रीम लावा, असं हल्ली सांगितलं जातं. स्क्रीनचा उजेड सूर्याच्या तुलनेत इतका क्षीण असतो की त्यासाठी पैसे घालवू नका.

बाईंचा वांग गेला का? पुढच्या पाच-सहा महिन्यांत बराच फिका झाला. पुरता गेला नाही, वांग सहसा पुरता जात नाही. एका मे महिन्यात लग्नसराईत चार दिवस क्रीम राहिली तर पुन्हा थोडा उमटला, तेव्हा त्यांनी तो लगेच ओळखला. आता त्या ट्यूब संपायच्या आधी आठवडाभर येऊन दुसरी घेऊन जातात.

प्रश्न राहतो पैशाचा. चांगलं टिंटेड सनस्क्रीन महिन्याला चार-पाचशे रुपयांच्या घरात जातं, आणि ते मंडईत भाजी घेऊन बसणाऱ्या मावशींना मी कोणत्या तोंडाने सांगू? त्यांना मी क्रीम सांगत नाही. चारी बाजूंनी रुंद काठ असलेली टोपी, खाली गडद सुती स्कार्फ, आणि दुपारी अकरा ते तीन बसायची जागा ताडपत्रीच्या सावलीत. ताडपत्री निळी पातळ नको, जाड काळी, जिच्यातून वर बघितलं तर ऊन दिसत नाही अशी. मावशींनी मागच्या उन्हाळ्यात ती बदलली, आणि शेजारच्या दोघींनीही.